मागे घेता येणारा कट

छत्रपती संभाजीनगरात नाटक करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि ‘जिगीषा’सारख्या गटातून घडलेली माणसं पुढे मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर आणि चित्रपटांत गेली. संत एकनाथ रंगमंदिर, संत तुकाराम नाट्यगृह, तापडिया नाट्यमंदिर ही नावं इथल्या प्रेक्षकाला सवयीची आहेत. पण इथे उभ्या राहणाऱ्या बहुतेक नाटकांचं आयुष्य फार थोडं असतं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी जीव तोडून बसवलेलं हौशी नाटक अनेकदा एक-दोन प्रयोगांत संपतं. व्याख्यान तर एकदाच होतं. त्यामुळे चित्रीकरण हेच त्यांचं पुढचं आयुष्य ठरतं. आता दोन-तीन कॅमेरे आणि एक स्विचर लावून असं चित्रीकरण करून देणारे लोक शहरात सहज मिळतात. कार्यक्रम संपला की आयोजकाच्या हाती एक फाइल पडते. तिच्यात तीन कॅमेऱ्यांची दृश्यं आलटून पालटून जोडलेली असतात आणि कोणत्या क्षणी कोणता कॅमेरा दिसावा हे त्या संध्याकाळी स्विचरवर बसलेल्या माणसाच्या बोटाने कायमचं ठरवलेलं असतं. माझा आक्षेप या ‘कायमचं’ला आहे. स्विचिंग जरूर करावं, पण त्यातला प्रत्येक कट नंतर मागे घेता आला पाहिजे. बहुकॅमेरा चित्रीकरणातले बाकीचे सगळे निर्णय, म्हणजे कॅमेरे कुठे ठेवायचे, आवाज कसा घ्यायचा, सिंक कसं करायचं, हे या एका गरजेतून ठरवले तर बरोबर ठरतात.

चालू कार्यक्रमात कट देण्याची पद्धत आपल्याकडे दूरदर्शनने आणली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि स्टुडिओतले अनेक कॅमेरे एकाच पॅनेलवर जोडून तिथल्या तिथे एकसंध कार्यक्रम तयार करण्याची रीत मराठी माणसाने तिथे पाहिली. ती पद्धत यशस्वी होण्यामागे एक अट होती. निर्मात्याच्या हातात संहिता असे, तालमी झालेल्या असत आणि कोणत्या वाक्यावर कोणता कॅमेरा हे कागदावर आधी लिहिलेलं असे. जगातल्या आजच्या मोठ्या प्रयत्नांतही ही अट सुटलेली नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ साली ‘फेद्र’ या नाटकापासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवायला सुरुवात केली. तिथेही कट चालू प्रयोगातच दिले जातात, पण कॅमेऱ्यांसकट तालीम करून आणि शॉटची संहिता लिहून. न्यूयॉर्कच्या ‘हॅमिल्टन’ने दुसरा मार्ग धरला. जून २०१६मध्ये प्रेक्षकांसमोरचे दोन प्रयोग अनेक कॅमेऱ्यांनी टिपले, काही भाग रिकाम्या नाट्यगृहात जवळून पुन्हा घेतले आणि सगळं संकलनाच्या टेबलावर जोडलं. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. नाटक न पाहिलेल्या माणसाच्या तत्काळ निर्णयावर कोणीही विसंबलेलं नाही.

आपल्याकडे नेमकं तेच होतं. स्विचरवरचा माणूस सहसा ते नाटक पहिल्यांदाच पाहत असतो. त्यामुळे तो कट ‘देत’ नाही, घडलेल्या गोष्टीच्या मागे धावतो. नवा आवाज कानावर येतो, कोण बोलतंय हे कळतं, त्या पात्राचा शॉट कोणत्या कॅमेऱ्यात आहे हे तो पाहतो आणि मग बटण दाबतो. या साखळीला अर्धा सेकंद सहज लागतो. आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमने घेतात, म्हणजे कट साधारण बारा फ्रेम उशिरा पडतो. लांब वाक्य असेल तर ते खपून जातं. ‘हो’, ‘नाही’, ‘कधी?’ असे एकेका शब्दाचे सवाल-जवाब असतील तर कट पडेपर्यंत बोलणारा बोलून मोकळा झालेला असतो आणि पडद्यावर त्याचं मिटलेलं तोंड दिसतं. यात त्या माणसाचा आळस किंवा अडाणीपणा नाही. तो कितीही चलाख असला तरी न ऐकलेल्या वाक्याच्या आधी कट देऊ शकत नाही.

उशीर ही मात्र लहान चूक झाली. मोठी चूक जागेची असते आणि ती कळण्यासाठी याच शहरातलं एक नाटक घेऊ. लक्ष्मण देशपांडे विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचा एकपात्री प्रयोग ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ १९७९मध्ये रंगमंचावर आला आणि २००९मध्ये ते जाईपर्यंत देशविदेशांत होत राहिला. पुढे संदीप पाठक यांनी तो पुन्हा उभा केला. मराठवाड्यातल्या खेड्यातून लंडनला निघालेल्या वऱ्हाडातली बावन्न पात्रं एकच नट वेश न बदलता उभी करतो. आवाज, मान, खांद्याचा झोल, नजरेची दिशा एवढ्यावर माणूस बदलतो. त्या प्रयोगाचं चित्रीकरण प्रत्यक्षात कसं झालं हा इथे मुद्दा नाही. असा प्रयोग तीन कॅमेऱ्यांनी घ्यायचा ठरला तर कट कुठे द्यावा, एवढाच प्रश्न आपण सोडवून पाहू. यात कॅमेऱ्याच्या भाषेची सगळी कसोटी लागते.

समजा, नट आधी म्हातारा होऊन प्रेक्षकांच्या डाव्या हाताकडे पाहत बोलतो आणि लगेच तरुण पोरगा होऊन उजव्या हाताकडे पाहत उत्तर देतो. एक कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मध्यावर आहे, दोन डाव्या आणि उजव्या बाजूंना. डावीकडच्या कॅमेऱ्याला म्हाताऱ्याचा चेहरा पूर्ण दिसतो, पोराचा फक्त कान आणि गाल. उजवीकडच्याला उलटं. साहजिकच मोह होतो की म्हातारा बोलला की डावा कॅमेरा, पोरगा बोलला की उजवा. तसं केलं की पडद्यावर दोन स्वच्छ चेहरे समोरासमोर बोलताना दिसतात, अगदी चित्रपटातल्या संवादासारखे. आणि तिथेच प्रयोग मरतो. कारण प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो तो म्हाताऱ्याचा पोरगा होताना पाहायला. ती मान वळण्याची, पाठ ताठ होण्याची, आवाज पालटण्याची जी अर्ध्या सेकंदाची जागा आहे, तीच नटाची कमाई. कट नेमका तिथे पडला तर ती कमाई दोन शॉटच्या मधल्या फटीत नाहीशी होते आणि जे काम नटाने केलं ते कॅमेऱ्याने केल्यासारखं वाटतं. म्हणून एकपात्रीसाठी नियम असा निघतो: पात्रबदल शॉटच्या आत घडला पाहिजे. कट द्यायचा तो बदल पुरा होऊन नवं पात्र स्थिर झाल्यावर, त्याचं लांब बोलणं सुरू झाल्यावर. झटपट सवाल-जवाब चालू आहेत तोवर मध्यावरचा कमरेपर्यंतचा शॉट सोडायचाच नाही.

आता स्विचरवरच्या माणसाकडे परत येऊ. त्याच्या बोटाला कट देण्याची खूण कशातून मिळते? आवाज बदलण्यातून. म्हणजे एकपात्री प्रयोगात जिथे कट मुळीच नको, तिथेच त्याचं बोट बटणावर जातं. वेगळ्या प्रकारे हीच गोष्ट चार-सहा पात्रांच्या नाटकातही घडते. तिथे बोलणाऱ्याकडे जाण्याची सवय आड येते. बऱ्याच प्रसंगांत अर्थ ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. मुलगी घर सोडून चालल्याचं सांगते तेव्हा आईकडे पाहायचं असतं. नाटक माहीत नसलेल्या माणसाला आवाज ऐकू येतो, शांतता ऐकू येत नाही. त्यामुळे थेट स्विचिंगमधली चूक दर वेळी एकाच बाजूला झुकलेली असते, बोलणाऱ्याच्या आणि बदलाच्या बाजूला. अशी चूक कसबाने थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. ती नंतर दुरुस्त करण्याची सोय ठेवावी लागते आणि ती सोय म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याचं सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं स्वतंत्र, अखंड चित्रीकरण.

हे एकदा मान्य केलं की कॅमेऱ्यांची वाटणीही बदलते. मध्यावरच्या कॅमेऱ्याने सगळा रंगमंच धरून शेवटपर्यंत हलायचं नाही. बाकी दोन कॅमेरे चुकले, थरथरले, नटाला शोधत फिरले, तरी परतायला ही एक जागा कायम शाबूत राहते. दुसरा कॅमेरा पात्रांना कमरेपर्यंत धरून त्यांच्याबरोबर हळू सरकतो. तिसरा चेहऱ्यावर. दुसरा आणि तिसरा एकाच क्षणी जागा बदलणार नाहीत एवढं बंधन त्या दोघांनी पाळायचं. एकपात्री प्रयोगात वाटणी थोडी बदलते: स्थिर वाइडच्या शेजारीच, त्याच मध्यरेषेवर, कमरेपर्यंतचा कॅमेरा ठेवावा आणि बाजूला एकच कॅमेरा असावा. नटाची नजर डावी-उजवीकडे जाणारच आहे आणि ती दोन्हीकडे सारखी दिसते ती फक्त मध्यावरून.

तिन्ही कॅमेऱ्यांत ऑटोमॅटिक काहीही चालू नसावं, कारण रंगमंचाचा उजेड कॅमेऱ्याला फसवतो. फ्रेमचा बराचसा भाग काळा आणि मध्ये उजळलेला चेहरा असं दृश्य दिसलं की कॅमेरा सगळं उजळ करू पाहतो आणि चेहरा पांढरा फटक पडतो. एकदा जळलेला पांढरा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर चेहऱ्यावर बेतून हाताने ठेवायचं, मागचा पडदा अंधारात गेला तरी चालेल. व्हाइट बॅलन्स तिन्हींवर एकाच आकड्याला बांधायचा. जुने हॅलोजन दिवे असतील तर ३२०० केल्विनच्या आसपास. शटर पन्नासांश सेकंदावर ठेवलं की आपल्या ५० हर्ट्झ विजेवरच्या बहुतेक दिव्यांची लुकलुक टळते. काही स्वस्त एलईडी दिवे मंद केल्यावर तरीही फ्रेमवर आडवे पट्टे उमटवतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, कॅमेऱ्यालाच दिसतात, म्हणून प्रकाशयोजनेच्या तालमीत दिवे मंद करून मॉनिटरवर पाहून घेणं हाच उपाय.

स्वतंत्र चित्रीकरण म्हटलं की सिंकचा प्रश्न येतो, आणि इथे गैरसमज बरेच आहेत. सगळे कॅमेरे चालू करून रंगमंचाच्या मध्यावर एक स्पष्ट टाळी वाजवायची, हात भिडतानाची फ्रेम प्रत्येक कॅमेऱ्यात शोधायची आणि त्या फ्रेमा एकाखाली एक लावायच्या, ही जुनी रीत अजून सगळ्यात भरवशाची आहे. संकलनाचं सॉफ्टवेअर आता आवाजाच्या लहरी जुळवून हेच काम आपोआप करतं, पण त्यात एक फट राहते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मागच्या भिंतीलगतचा कॅमेरा रंगमंचापासून २५ मीटरवर असेल तर त्याच्या स्वतःच्या माइकवर टाळी सुमारे ७३ मिलिसेकंद उशिरा पोचते, म्हणजे जवळपास दोन फ्रेम. चित्र मात्र तत्क्षणी पोचलेलं असतं. सॉफ्टवेअरने त्या माइकचा आवाज रंगमंचावरच्या माइकच्या आवाजाशी जुळवला की मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दोन फ्रेम आधी येतं. नुसतं पाहताना ते जाणवेल न जाणवेल, पण पुढच्या कॅमेऱ्यावरून मागच्यावर कट दिला की उचललेला हात किंचित उडी मारतो. म्हणून आवाजावरून जुळवलेलं सिंक टाळीच्या चित्रावर एकदा तपासून मागच्या कॅमेऱ्याला त्या दोन फ्रेमांची दुरुस्ती द्यावी.

दुसरी अडचण सुरुवातीला दिसत नाही, शेवटी दिसते. प्रत्येक कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ थोडं वेगळं चालतं. दोन घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तर तो क्षुल्लक वाटेल, पण अडीच तासांच्या नाटकात तो ०.१८ सेकंद होतो, म्हणजे साडेचार फ्रेम. पहिल्या अंकात ओठ आणि शब्द बरोबर, शेवटच्या प्रवेशात सुटलेले, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच असतं. यासाठी मध्यंतरानंतर दुसरी टाळी आणि पडदा पडल्यावर तिसरी टाळी घ्यावी आणि प्रत्येक अंक स्वतंत्र जुळवावा. तिन्ही टाळ्यांची जागा तपासली की सरक किती झाली हे लगेच कळतं आणि एखाद्या लांब शांततेत दोन-तीन फ्रेम कापून ती भरून निघते. मोठे संच सगळ्या कॅमेऱ्यांना एकच टाइमकोड आणि एकच सिंक-संकेत देऊन हा प्रश्न मुळातच मिटवतात. लहान कॅमेऱ्यांत ती सोय नसते, म्हणून टाळीच बरी. मोबाइल मात्र चौथा कॅमेरा म्हणून वापरताना जपावं. अनेक फोन फ्रेमचा वेग उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतात आणि असं चित्रीकरण कुठल्याच टाळीला धड जुळून राहत नाही.

आवाज स्वतंत्र घ्यायचा तो नाट्यगृहाच्या साउंड मिक्सरवरून. सोबत एक माइक प्रेक्षागृहासाठी ठेवावा, नाहीतर हशा आणि टाळ्या दूर कुठेतरी घडल्यासारख्या येतात आणि विनोद फसल्यासारखा वाटतो. थेट प्रक्षेपणात इथे आणखी एक गाठ पडते. कॅमेऱ्याचं चित्र स्विचरमधून जाताना एक-दोन फ्रेम थांबून येतं. मिक्सरमधला आवाज तारेतून लगेच येतो. परिणामी शब्द ओठांच्या आधी ऐकू येतात. आवाज उशिरा येणं माणसाला सवयीचं आहे, कारण लांबून येणारा आवाज निसर्गातही उशिराच येतो. आधी येणारा आवाज मात्र चटकन खटकतो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो असं धरलंय, उशिरा आलेला मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून स्विचरमध्ये आवाजाला मुद्दाम उशीर देण्याची जी सोय असते ती टाळी वाजवून, पडद्यावर पाहून, कार्यक्रमाआधी लावून घेतली पाहिजे.

आता कटअवे, म्हणजे मूळ घटनेपासून क्षणभर बाजूला जाऊन दाखवलेली गोष्ट: प्रेक्षकांचा हशा, वादकाचा हात, व्याख्यानात स्लाइड. नाटकात त्याची गरज कमी, कारण स्थिर वाइड हाच सगळ्यात प्रामाणिक कटअवे असतो. व्याख्यानात गरज जास्त आणि धोकाही तिथेच जास्त. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं एखादं व्याख्यान घेऊ. वक्ता तासभर एका जागी उभा आहे, दोन कॅमेरे आहेत, मागे प्रोजेक्टरचा पडदा. वक्त्याचा कट विचार संपतो तिथे द्यायचा, वाक्याच्या मध्ये नाही. स्लाइड कॅमेऱ्याने पडद्यावरून टिपायची नाही, कारण वक्त्यावरचा दिवा पडद्यावर सांडतो आणि अक्षरं फिकी पडतात. संगणकाचीच तार स्विचरला जोडून ती थेट घ्यायची आणि वाचून होईल इतका वेळ ठेवायची. प्रेक्षकांचे चेहरे घ्यायचे तर ज्या वाक्यावर ते हसले त्याच वाक्यावर लावायचे. दुसऱ्याच क्षणीचं हसू उचलून गंभीर विधानाखाली चिकटवणं ही छोटी वाटणारी लबाडी आहे. त्याहून मोठी लबाडी अशी: वक्त्याचं एक वाक्य कापायचं, तोंडाची उडी दिसू नये म्हणून त्यावर मान हलवणारा श्रोता टाकायचा आणि पाहणाऱ्याला काही गेल्याचा पत्ताच लागू द्यायचा नाही. व्याख्यान हा वक्त्याच्या मताचा पुरावा असतो. त्यात काही कापलं असेल तर ते झाकू नये, आणि मूळ अखंड चित्रीकरण संस्थेने जपून ठेवावं. स्वतंत्र फाइल हव्यात याचं हेही एक कारण, आणि हे सौंदर्यापेक्षा वजनदार आहे.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो खराच आहे. हौशी संस्थेकडे संकलनाचे पैसे नसतात. स्विचरवर तयार झालेली फाइल त्याच रात्री मिळते, हा तिचा मोठा फायदा. पण स्वतंत्र चित्रीकरणाचा खर्च आणि संकलनाचा खर्च वेगळे आहेत. पहिला फार थोडा आहे. पन्नास मेगाबिटच्या दर्जाने एका कॅमेऱ्याला तासाला सुमारे साडेबावीस जीबी लागतात. तीन कॅमेरे, अडीच तास, म्हणजे १७० जीबीच्या आत. एका साध्या हार्ड डिस्कवर असे अनेक प्रयोग बसतात. छोट्या स्विचरमध्येही आता ही सोय आली आहे. ब्लॅकमॅजिक कंपनीने २०२०मध्ये आणलेला ‘एटेम मिनी प्रो आयएसओ’ चारही कॅमेऱ्यांच्या वेगळ्या फाइल एका डिस्कवर ठेवतो आणि शिवाय बटण कुठे कुठे दाबलं याची नोंद संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी देतो. म्हणजे थेट दिलेले सगळे कट जसेच्या तसे समोर येतात आणि त्यांतले चुकलेले तेवढे सरकवता येतात. सगळ्या फाइल एकाच घड्याळावर असल्याने सिंकची कटकटही उरत नाही. मर्यादा एवढीच की तारेतून जे आलं तेच तिथे साठतं. एचडीएमआयची साधी तार दहा-पंधरा मीटरनंतर दगा देऊ लागते आणि नाट्यगृहात अंतर त्याहून जास्त असतं. म्हणून लांबवर एसडीआयची तार वापरावी आणि कॅमेऱ्याच्या कार्डवरही चित्रीकरण चालू ठेवावं. संकलन आज परवडलं नाही तर पुढल्या वर्षी होईल. नोंद नसेल तर कधीच होणार नाही.

दुसरा आक्षेप रंगकर्मींचा आहे आणि तो जास्त विचार करायला लावतो. नाटकात कुठे पाहायचं हे प्रेक्षक ठरवतो. कट दिला की ते स्वातंत्र्य जातं, मग एकच स्थिर कॅमेरा ठेवून सगळा रंगमंच दाखवणं प्रामाणिक नाही का? अभ्यासकासाठी, नेपथ्य आणि हालचालींची नोंद म्हणून, तेच सर्वांत उपयोगी आहे, हे मान्य. पण नाट्यगृहात बसलेल्या माणसाचा डोळा स्वतःच क्लोजअप घेत असतो. तो दहाव्या रांगेतून नटाच्या चेहऱ्यावर लक्ष एकवटतो आणि बाकीचं बाजूला सारतो. पडद्यावर अंगठ्याएवढ्या दिसणाऱ्या नटाच्या बाबतीत ते शक्य नसतं. तेव्हा एकट्या वाइडमध्ये पाहण्याचं स्वातंत्र्य कागदावर राहतं, दिसत काहीच नाही. स्वतंत्र चित्रीकरणाचं मोल इथे पुन्हा दिसतं: त्यात अखंड वाइडही आपोआप शिल्लक असतो. रसिकासाठी संकलित रूप, अभ्यासकासाठी वाइड. भांडणाचं कारणच उरत नाही.

तिसरा मार्ग सुचवणारे म्हणतात की एकच फोर-के कॅमेरा लावा आणि नंतर त्यातूनच क्लोजअप कापून काढा. हिशेब असा की फोर-केची रुंदी साध्या एचडीच्या दुप्पट असते, म्हणून दर्जा न गमावता चित्र दुप्पट जवळ आणता येतं. व्याख्यानाला हे बऱ्यापैकी पुरतं. नाटकाला पुरत नाही, कारण सगळा रंगमंच धरलेल्या शॉटमधून दुप्पट जवळ गेलं तरी नट डोक्यापासून पायापर्यंतच दिसतो. चेहऱ्यापर्यंत जायला त्याहून खूप जास्त लागतं. आणि कोन एकच राहिल्याने तो कट, कट वाटण्याऐवजी चित्राला धक्का बसल्यासारखा वाटतो. एका माणसाने करायच्या कामासाठी ही तडजोड ठीक आहे, तीन कॅमेऱ्यांना पर्याय म्हणून नाही.

उरतो चौथा प्रश्न: सभागृहातल्या एलईडी पडद्यासाठी आणि थेट प्रक्षेपणासाठी स्विचिंग टाळता येतच नाही, मग काय? टाळू नयेच. पण ते आजच्या प्रेक्षकापुरतं आहे हे ओळखावं आणि शक्य तेवढं सुधारावं. स्विचरवरच्या माणसाला एक तालीम दाखवावी, निदान संहिता द्यावी आणि तिच्यावर तीनच खुणा कराव्यात: कुठे कट मुळीच द्यायचा नाही, कुठे ऐकणाऱ्याचा चेहरा हवा आणि कुठे प्रकाश एकदम बदलतो. शक्य असेल तर दिग्दर्शकाचा सहायक त्याच्या शेजारी बसवावा. एवढ्याने थेट कटांतल्या जागेच्या चुका बऱ्याच कमी होतात, कारण त्या अज्ञानातून येतात, हात मंद असल्यामुळे नाही. शंका आली की वाइडवर राहावं. न दिलेला कट सहसा कोणाला खटकत नाही.

स्वतंत्र फाइल म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे, हेही सांगायला हवं. जळलेला चेहरा, मऊ पडलेला फोकस, मिक्सरवरून फाटून आलेला आवाज, भरलेल्या कार्डामुळे गेलेला शेवटचा प्रवेश, यांतलं काहीच संकलनात परत येत नाही. म्हणून प्रयोगाआधीच्या अर्ध्या तासात आवाज, उजेड आणि कार्ड यांची तपासणी स्विचरच्या बटणांपेक्षा महत्त्वाची. कट ही या साऱ्या कामातली एकच गोष्ट आहे जी नंतर दुरुस्त होऊ शकते. आणि गंमत अशी की आपल्याकडे नेमकी तीच गोष्ट कायमची पक्की करून टाकली जाते.

नाटक मंडळींनी आणि व्याख्यानमालांच्या आयोजकांनी चित्रीकरणाची बोलणी करताना किती कॅमेरे लावणार हे विचारण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक कॅमेऱ्याचं अखंड चित्रीकरण आम्हाला मिळेल, मध्यावरचा एक वाइड शेवटपर्यंत हलणार नाही, आवाज मिक्सरवरून वेगळा घेतला जाईल, आणि प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला व पडदा पडल्यावर टाळी वाजेल. हे मान्य करणारा दोन कॅमेऱ्यांचा माणूस, फक्त जोडलेली एक फाइल देणाऱ्या पाच कॅमेऱ्यांच्या माणसापेक्षा चांगला.